विश्लेषण : योगवर्गात ‘श्वास घ्या’ ही सूचना उशिरा का पोहोचते?

दरवर्षी २१ जूनला शाळांच्या पटांगणांत आणि सभागृहांत ध्वनिमुद्रित सूचनांवर सामूहिक योगासने होतात. अनेक ठिकाणी या सूचना आधी इंग्रजीत किंवा हिंदीत लिहिलेल्या असतात आणि त्यांचे मराठी भाषांतर वाचून आवाज मुद्रित केला जातो. भाषांतर शब्दशः बरोबर असते, तरी त्यावर हालचाल करणाऱ्याचा श्वास चुकतो. नंदुरबार जिल्ह्यातील विसरवाडीसारख्या गावासाठी असा आवाज तयार करायचा असेल, तर तो कसा लिहावा आणि मराठी-इंग्रजीचा मेळ कसा घालावा, याचा हा ऊहापोह.

नेमकी अडचण कोणती?

इंग्रजीत ‘इनहेल’ म्हटले की पहिल्याच अवयवात श्वास आत घ्यायचा हे कळते आणि पुढच्या शब्दात काय हलवायचे ते कळते. त्याचे सरळ मराठी होते : ‘श्वास घेत दोन्ही हात हळूहळू डोक्याच्या वर न्या.’ वाक्यात काहीही चूक नाही. पण मराठीत क्रियापद शेवटी येते. ‘श्वास घेत’ ऐकताच माणूस श्वास घ्यायला लागतो आणि हातांचे करायचे काय, हे त्याला ‘न्या’पर्यंत कळत नाही.

हे मोजून पाहता येते. या वाक्यात १८ अक्षरे आहेत. सूचना देताना सावकाश बोलायचे तर सेकंदाला साधारण चार अक्षरे होतात. म्हणजे हे वाक्य साडेचार सेकंदांचे झाले. नवशिक्याचा एक श्वास आत जायला सुमारे चार सेकंद लागतात असे धरले, तर ‘न्या’ ऐकू येईपर्यंत त्याची छाती भरलेली असते. मग तो भरलेला श्वास रोखून हात वर नेतो किंवा श्वास सोडत हात वर नेतो. दोन्हींत आसन उलटे होते. आपले काही चुकले आहे, हे मात्र त्याला कळत नाही, कारण सांगितले ते त्याने केलेले असते.

लिहिणाऱ्याच्या लक्षात हे का येत नाही?

याची दोन कारणे आहेत. पहिले असे, की संहिता टेबलाशी बसून मनात वाचली जाते आणि मनातले वाचन बोलण्यापेक्षा वेगवान असते. दुसरे कारण शरीराचे आहे. आपण बोलतो ते बाहेर जाणाऱ्या श्वासावर. ‘श्वास घ्या’ म्हणणारा शिक्षक त्या क्षणी स्वतः श्वास सोडत असतो. त्यामुळे समोरच्याला श्वास घ्यायला किती वेळ लागेल, याचा अंदाज त्याला स्वतःच्या छातीवरून येत नाही. बोलून झाले की तो झटकन एक श्वास ओढतो आणि पुढचे वाक्य सुरू करतो. तेवढाच वेळ मग वर्गालाही मिळतो. प्रत्यक्ष वर्गात शिक्षक समोरच्यांकडे पाहून वेग कमी करू शकतो. मुद्रित आवाजाला ते दिसत नाही. म्हणून त्यातली सूचना बोलणाऱ्याच्या श्वासावर न बेतता घड्याळावर बेतावी लागते.

मग मराठी गैरसोयीची भाषा आहे का?

उलट आहे. वाक्य भाषांतरातून न घेता पटांगणातून घेतले, तर शेवटी येणारे क्रियापद फार उपयोगी पडते. शाळेत पीटीचे शिक्षक ‘डावीकडे वळ’ हा हुकूम कसा देतात ते आठवा. ‘डावीकडे’ हा शब्द लांबवला जातो. तो ऐकताना कोणी हलत नाही, प्रत्येक जण मनात दिशा ठरवतो. मग क्षणभर शांतता आणि ‘वळ’ म्हणताच सगळी रांग एकदम वळते. तयारी आधी आणि इशारा शेवटी, ही रचना मराठीच्या स्वभावातच आहे.

योगाच्या सूचनेचेही असेच दोन तुकडे करावेत. पहिल्या तुकड्यात काय हलणार आणि कुठे जाणार ते सांगायचे. हा तुकडा आधीच्या श्वासात बोलून संपवायचा. दुसरा तुकडा म्हणजे केवळ श्वासाचा इशारा : ‘श्वास घ्या’ किंवा ‘श्वास सोडा’. त्यातही ‘श्वास’ हा शब्द आधीच्या सेकंदात पडावा आणि ‘घ्या’ नेमका ठोक्यावर. हालचाल ‘घ्या’वर सुरू होते आणि मग आवाज गप्प राहतो किंवा पुढची तयारी थोडक्यात सांगतो.

तयारीसाठी मराठीत आयते रूप आहे. ‘हात वर न्या’ म्हटले की ऐकणारा लगेच हात उचलतो. ‘हात वर न्यायचे’ म्हटले की तो थांबून राहतो, कारण हे पुढे करायचे आहे असे त्याला कानानेच कळते. ‘न्यायचे, उचलायच्या, टेकायच्या’ ही रूपे तयारीला ठेवावीत आणि आज्ञार्थ फक्त श्वासाच्या इशाऱ्याला.

कोणते शब्द घात करतात?

सर्वांत जास्त घोटाळा ‘घ्या’ आणि ‘सोडा’ या शब्दांचा होतो. रोजच्या बोलण्यात आपण ‘हात खाली घ्या’, ‘पाय जवळ घ्या’ असे म्हणतो. आता ‘श्वास सोडत हात खाली घ्या’ हे वाक्य ऐकून पाहा. कानात शेवटी उरते ते ‘घ्या’, आणि वर्गातील काही जण तिथे श्वास आत ओढतात. कपालभातीत हाच प्रकार ‘पोट आत घ्या’मुळे होतो. तिथे पोट आत जाते तेव्हा श्वास बाहेर पडायला हवा, पण ‘आत घ्या’ हे शब्द नेमके उलटे सुचवतात. ‘हातांची पकड सोडा’ हे वाक्य श्वास घेताना आले तर तीच गत. म्हणून संहितेत ‘घ्या’ आणि ‘सोडा’ हे दोन शब्द केवळ श्वासासाठी राखून ठेवावेत. अवयवांसाठी उचला, न्या, आणा, टेका, वळवा, मोकळे करा असे भरपूर शब्द आहेत.

दुसरा घोटाळा ‘घेत’ आणि ‘घेऊन’ यांचा. ‘श्वास घेत हात वर’ म्हणजे दोन्ही गोष्टी बरोबर चालतात. ‘श्वास घेऊन हात वर’ म्हणजे आधी श्वास पूर्ण आणि मग हात, म्हणजे भरलेला श्वास रोखून केलेली हालचाल. इंग्रजीतल्या ‘इनहेल, रेज युअर आर्म्स’मध्ये हा फरक उघड नाही, म्हणून भाषांतरकार कधी हे तर कधी ते रूप वापरतो. मराठीत मात्र एका प्रत्ययाने क्रिया बदलते. तिसरा शब्द ‘थांबा’. आसनात थांबायला सांगितले की अनेक जण श्वासही थांबवतात. शारीरिक ताण असताना माणूस नकळत श्वास धरतोच आणि ‘थांबा’ हा शब्द त्याला दुजोरा देतो. त्यामुळे नुसते ‘थांबा’ कधीच लिहू नये. कोणता अवयव आहे तिथे ठेवायचा ते सांगावे आणि श्वासाचे इशारे चालू ठेवावेत.

विसरवाडीत ही चूक जास्त गंभीर का?

नंदुरबार हा राज्यातील सिकलसेलचा प्रादुर्भाव असलेल्या आदिवासीबहुल जिल्ह्यांपैकी एक आहे. या आजारात रक्तातील प्राणवायू कमी पडला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. शरीरातील पाणी कमी होणे, थंडी आणि अतिश्रम यांमुळेही तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी सुरू झाली ती अशाच भागांसाठी. दोन-तीन सेकंद श्वास अडखळल्याने कोणी आजारी पडत नाही, हे खरे. पण ठरवून, लांबवून आणि वारंवार श्वास रोखायला लावणारा मुद्रित आवाज समोर कोण उभे आहे हे न पाहता वाजत असतो. रक्तदाब जास्त असलेल्यांनाही श्वास रोखून जोर लावणे अपायकारक ठरू शकते, कारण त्या क्षणी दाब आणखी चढतो. गरोदर स्त्रियांनाही श्वास रोखून धरायला सांगत नाहीत.

म्हणून गावासाठीच्या सामूहिक आवाजात कुंभक असू नये, ही पहिली अट हवी. सूर्यनमस्काराच्या काही परंपरांत साष्टांग स्थितीत श्वास बाहेर रोखतात. समोर गुरू असताना ते ठीक. अनोळखी श्रोत्यांसाठी तिथे ‘श्वास चालू’ असेच लिहावे. आणि सुरुवातीलाच एक वाक्य असावे : सिकलसेल, रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच सहभागी व्हा.

प्रत्यक्षात संहिता कशी लिहायची?

आयुष मंत्रालयाच्या ‘कॉमन योगा प्रोटोकॉल’मधील ताडासन घेऊ. छापील कृती थोडक्यात अशी : पायांत दोन इंच अंतर ठेवून उभे राहायचे, बोटे गुंफून मनगटे बाहेर वळवायची, श्वास घेत हात वर न्यायचे, टाचा उचलायच्या, १० ते १५ सेकंद तसेच राहायचे, मग श्वास सोडत टाचा खाली आणायच्या आणि गुंफण मोकळी करून हात खाली आणायचे. वाचायला हे पुरेसे आहे. ऐकून करायला नाही, कारण त्या १० ते १५ सेकंदांत श्वासाचे काय करायचे, हे त्यातून ठरत नाही.

आता मोजमाप ठरवू : श्वास आत चार सेकंद, बाहेर सहा सेकंद, एकूण दहा. हात वर गेले तेव्हा श्वास भरलेला आहे आणि टाचा खाली आणायच्या आहेत त्या श्वास सोडताना. म्हणजे मधल्या काळात सहा सेकंद सोडणे आणि चार सेकंद घेणे, असे बरोबर दहा सेकंद बसतात. पंधरा सेकंद या मापात बसतच नाहीत. पंधराव्या सेकंदाला वर्ग दुसऱ्यांदा श्वास सोडण्याच्या अगदी शेवटी असतो आणि आवाज त्याला ‘श्वास सोडत टाचा खाली’ म्हणतो. सोडायला श्वासच उरलेला नसतो. म्हणून स्थितीचा काळ सेकंदांत न लिहिता श्वासांत लिहावा आणि मग त्याचे सेकंद काढावेत.

पाय, बोटे आणि मनगटे यांची मांडणी आधी, श्वासाचा उल्लेख न करता, सावकाश सांगून घ्यावी. त्यानंतरची संहिता अशी होते. डावीकडची वेळ श्वासाच्या इशाऱ्यात ‘घ्या’ किंवा ‘सोडा’ या शब्दाची आहे. ‘श्वास’ हा शब्द त्याआधीच्या सेकंदात येतो.

०:०० – श्वास सोडा.
०:०२ – हात वर न्यायचे, टाचा उचलायच्या.
०:०६ – श्वास घ्या. (हात आणि टाचा वर जातात)
०:०७ – टाचा वरच ठेवायच्या.
०:१० – श्वास सोडा. (स्थिती तशीच)
०:१६ – श्वास घ्या.
०:१७ – टाचा टेकायच्या.
०:२० – श्वास सोडा. (टाचा खाली येतात)
०:२२ – बोटे मोकळी करायची.
०:२६ – श्वास घ्या. (बोटे मोकळी होतात)
०:२७ – हात खाली आणायचे.
०:३० – श्वास सोडा. (हात बाजूने खाली येतात)
०:३६ – समाप्त.

यात प्रत्येक तयारीचे वाक्य त्याच्या जागेत मावते का, ते अक्षरे मोजून तपासता येते. ‘हात वर न्यायचे, टाचा उचलायच्या’ यात १४ अक्षरे आहेत, म्हणजे साडेतीन सेकंद. दुसऱ्या सेकंदाला सुरू झालेले वाक्य साडेपाचव्या सेकंदाला संपते आणि सहाव्याला ‘घ्या’ येतो. ‘श्वास’ हा शब्द मधल्या अर्ध्या सेकंदात कसाबसा बसतो. तिथे अडचण वाटली तर तयारीतला एक शब्द कमी करावा, बोलण्याचा वेग वाढवू नये. ‘टाचा वरच ठेवायच्या’ हे सातव्या सेकंदाचे वाक्य अनावश्यक वाटेल. ते काढून टाकले तर दहाव्या सेकंदाला ‘सोडा’ ऐकताच निम्मा वर्ग टाचा खाली टेकतो, कारण श्वास सोडला की खाली यायचे अशी शरीराची सवय असते. पूर्ण ३६ सेकंदांत जवळपास निम्मा वेळ शांतता आहे. ती भरून काढायला ‘मन प्रसन्न ठेवा’सारखी वाक्ये घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. ती जागा श्वासाची आहे.

इंग्रजी कुठे आणि कशी बसते?

सगळ्यात वाईट पद्धत म्हणजे एकाच श्वासात दोन्ही भाषा. ‘श्वास घ्या, इनहेल, हात वर न्या, रेज युअर आर्म्स’ हे बोलून होईपर्यंत चार सेकंद उलटतात आणि कोणत्याच भाषेच्या श्रोत्याला पूर्ण श्वास मिळत नाही. इंग्रजी आवृत्ती हवी असेल तर ती वेगळी मुद्रित करावी, मात्र वरच्याच वेळापत्रकावर. मराठीवरून इंग्रजी किंवा इंग्रजीवरून मराठी असे न करता दोन्ही संहिता एकाच घड्याळावरून लिहाव्यात.

त्यासाठी इंग्रजीलाही थोडे वळण द्यावे लागते. तिथे क्रियापद पुढे असते, त्यामुळे तयारी म्हणून ‘रेज युअर आर्म्स’ म्हटले की लोक तेव्हाच हात उचलतात. तयारीत क्रियापद नकोच : ‘आर्म्स ओव्हरहेड, हील्स अप’ एवढे पुरे. इशाऱ्यासाठी ‘इनहेल’ आणि ‘एक्सहेल’ टाळावेत. हे दोन्ही शब्द शेवटी सारखेच ऐकू येतात आणि फरक फक्त पहिल्या अवयवात असतो. विसरवाडी धुळे-सुरत महामार्गावर आहे. ट्रकच्या आवाजात किंवा पत्र्यावर पडणाऱ्या पावसात छोट्या स्पीकरमधून तो पहिलाच अवयव हरवतो. त्याऐवजी ‘ब्रीद इन’ आणि ‘ब्रीद आउट’ घ्यावेत. ‘आउट’ हा शब्द क्रिकेट खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. शिवाय फरक सांगणारा शब्द शेवटी येतो, म्हणजे ‘इन’ आणि ‘घ्या’ नेमके एकाच ठोक्यावर पडतात.

दोन्ही भाषांचे लोक एकाच वर्गात असतील तर मांडणीच्या वेळी, हालचाल सुरू होण्यापूर्वी, संपूर्ण कृती एकदा मराठीत आणि एकदा इंग्रजीत सांगावी. प्रत्यक्ष आसनात मात्र एकाच भाषेचे इशारे चालवावेत. ‘घ्या’ आणि ‘सोडा’ हे दोन शब्द शिकायला कोणालाही एक मिनिट पुरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. नवापूर तालुक्यात अनेक घरांत मावची, कोकणी किंवा भिली बोलली जाते. मराठी ही तिथल्या मुलांची शाळेतली भाषा आहे. अशा ठिकाणी मराठी आणि इंग्रजी एवढे केले की सगळ्यांपर्यंत पोहोचलो, असे मानणे चूक आहे. हातात वेळ आणि पैसा मर्यादित असेल तर इंग्रजी आवृत्तीआधी घरच्या बोलीतली आवृत्ती करावी. वेळापत्रक तेच राहते. बोलणारी व्यक्ती गावातली हवी आणि श्वासाचे दोन शब्द तिने निवडलेले हवेत.

मुद्रण बरोबर झाले हे कसे ओळखायचे?

मोबाइलवर मिनिटाला ६० ठोके देणारे मेट्रोनोम लावून, इअरफोनमधून ते ऐकत संहिता वाचावी. ठोके मुद्रणात येऊ देऊ नयेत. मग ज्यांनी संहिता वाचलेली नाही अशा तीन-चार जणांना डोळे मिटून आसन करायला सांगावे. त्यांत एक वयस्क आणि एक शाळकरी मूल असावे. मुद्रण करणाऱ्याने त्यांच्या हातांकडे न पाहता खांदे आणि ओठ पाहावेत. ओठ घट्ट मिटून खांदे वर चढलेले दिसले तर श्वास रोखला गेला आहे आणि त्याआधीची सूचना उशिरा आली आहे. कोणी डोळे उघडून शेजाऱ्याकडे पाहिले तर तयारीचे वाक्य कळलेले नाही. इशाऱ्याआधीच कोणी श्वास ओढला तर सोडण्याचे सहा सेकंद त्याला जास्त होत आहेत.

या शेवटच्या खुणेतच पद्धतीची मर्यादा आहे. निरोगी प्रौढ माणूस आरामात असताना मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. दहा सेकंदांचा श्वास म्हणजे मिनिटाला फक्त सहा. मुलांचा श्वास त्याहून जलद असतो आणि धाप लागणाऱ्या वृद्धांना तर एवढे लांबवणे झेपतच नाही. चाचणीत असे दिसले तर आत तीन आणि बाहेर चार सेकंद असे माप घेऊन पूर्ण वेळापत्रक नव्याने मांडावे, आणि कमी झालेल्या जागेत बसतील अशी तयारीची वाक्ये छोटी करावीत. मुद्रित आवाज नुसता जलद वाजवू नये. आणि माप कोणतेही असो, पहिल्या आसनापूर्वी श्रोत्याला हे सांगून ठेवावे : तुमचा श्वास आधी संपला तर पुढचा श्वास सुरू करा, आवाजासाठी तो अडवून धरू नका.